डावा कान आणि पहाटेची नर्मदा

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. ह्यांना विचारून लिहितेय. "लिही, पण नाव नको," एवढीच अट आहे, म्हणून नावं कुणाचीच नाहीत.

मी मूळची बेळगावची, शहापुरातली. २००८ साली लग्न होऊन इंदूरला आले. आमचं घर रामबागेच्या बाजूला, सासऱ्यांनी बांधलेलं, खाली आम्ही आणि सासूबाई, वर भाडेकरू. हे एका औषधांच्या होलसेलरकडे हिशेब बघतात. मी घरी शिकवण्या घेते. एक मुलगी आहे.

लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा ह्यांनी एका मोठ्या हॉटेलात टेबल बुक केलं होतं. तशी सवय आम्हाला नाही. मी ठेवणीतली इरकल नेसले होते. मेणबत्ती होती, गुलाब होता, आणि मेनूकार्ड वाचून आम्ही दोघंही उजवीकडचे आकडेच बघत होतो. वर एक गाणाऱ्या मुलाचा स्पीकर नेमका आमच्या डोक्यावर. मी काही बोलले की हे नुसते हसून मान डोलवायचे. अकरा वाजता बाहेर पडलो आणि सराफ्यात जाऊन उभ्या उभ्या भुट्ट्याचा कीस खाल्ला, तेव्हा कुठे पोट भरलं. त्या हॉटेलात हे का गप्प होते, ते मला पक्कं माहीत होतं. सांगायची गोष्ट ती आहे.

ह्यांना डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं.

लहानपणी कान फुटायचा, वाहायचा. तेव्हा कोमट तेल, लसणाची पाकळी असले उपाय झाले. कान वाहायचा थांबला, पण पडद्याला भोक राहिलं आणि ऐकणं कमी होत गेलं. हे लग्नात मला कुणी सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणून नव्हे, त्यांच्या घरातही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. एक कान चांगला असला की माणूस बहिरा वाटतच नाही हो. शांत खोलीत समोरासमोर बसलं तर ह्यांना सगळं ऐकू येतं. अडतं ते गर्दीत, भांड्यांच्या आवाजात, लग्नाच्या हॉलमध्ये. आणि आवाज कुठल्या बाजूने आला ते कळत नाही. मागून हाक मारली तर हे भलतीकडेच वळून बघतात.

मला कळलं ते स्कूटरवर. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात. मी मागे बसून डाव्या खांद्यावरून बोलत होते, राजवाड्यापासून घरापर्यंत. माहेरची आठवण आली होती, बरंच काही सांगितलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "आज एकदम गप्प गप्प बसून आलीस, काय झालं?" मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी सहज उजव्या खांद्यावरून बोलले, तर एकेका वाक्याला उत्तर. मग मी मुद्दाम दोन-तीनदा बाजू बदलून बघितली. खात्री पटली.

रात्रीचंही तेच. ह्यांना उजव्या कुशीवर झोपायची सवय. चांगला कान उशीत. मी बोलत राहायची आणि पाठीकडून हूं नाही की चूं नाही. वर्षभर मी मनात धरून होते, की ह्या माणसाला दिवे मालवल्यावर माझ्याशी बोलायचं नसतं.

मी ह्यांना विचारलं नाही. हेही काही बोलले नाहीत. पण त्यानंतर मी आपोआप काही गोष्टी करायला लागले. लग्नाकार्यात, नाटकाला, पंगतीत मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसते, म्हणजे दुसरं कुणी बोलणारं असेल ते उजवीकडे येतं. डावीकडून कुणी काही विचारलंच तर ते मी माझ्या वाक्यात गुंफून परत म्हणते. "अहो, काका विचारतायत, मुलगी आता कितवीत गेली, सांगा ना." काकांना वाटतं बायको फार बोलकी आहे. वाटू दे. मूळ प्रश्न ह्यांच्यापर्यंत पोचला की काम झालं. एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता, "ऐकू आलं का?" असं चार लोकांत कधी विचारायचं नाही. उत्तरही आपण द्यायचं नाही, ते त्यांनीच द्यायचं.

हे ह्यांच्या लक्षात आलंय की नाही, मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. एका मुंजीत कुणीतरी मला दुसऱ्या खुर्चीवर बोलावलं, तेव्हा ह्यांनी टेबलाखालून माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं. तेव्हा कळलं, की माहीत आहे.

आता २०१९ कडे येते. हे लिहायला जड जातं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझे बाबा गेले. अचानकच, दोन दिवसांच्या आजारात. आम्ही मिळेल त्या गाडीने, पुण्यात गाडी बदलून बेळगावला पोचलो. घर माणसांनी भरलेलं. दादा, काका, गल्लीतले लोक, सारखं येणं-जाणं. हे चौथ्या दिवशी म्हणाले, "मार्चएंड आहे, मला निघावं लागेल." आणि निघाले. दहाव्या-तेराव्यालाही आले नाहीत. मी मुलीला घेऊन महिनाभर तिथेच राहिले. आई म्हणाली, "असू दे की, कामाचं माणूस." पण आईने ते ज्या आवाजात म्हटलं ना, तो आवाज माझ्या काळजात घुसला.

इंदूरला परत आले ती आतून गोठूनच. भांडण नाही, काही नाही. दूध किती घ्यायचं, मुलीची फी भरली का, सिलिंडर लावलं का, एवढंच बोलणं. ज्यांच्याकडे असं झालंय त्यांना कळेल. भांडणात निदान समोरचा माणूस दिसतो. ह्याच्यात तोही दिसेनासा होतो.

मे महिन्यात ह्यांच्या नात्यात देवासला लग्न होतं. गेलो. हॉलमध्ये बँड, लाऊडस्पीकर, दोन-तीनशे माणसं. मी आत शिरल्यावर सरळ बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. विसरून नव्हे, ठरवून. मनात म्हटलं, माझ्या वेळेला हे नव्हते, आता ह्यांचं ह्यांनी बघावं.

माझ्यापासून चार-पाच खुर्च्यांवर हे एकटे बसले होते. त्यांचे एक लांबचे मामा डावीकडून आले, खांद्यावर हात ठेवला आणि चेहरा पाडून म्हणाले, "सासरे गेले म्हणे, काय झालं होतं?" मला इथवर ऐकू आलं. ह्यांना बँडमध्ये कशाचा काहीच पत्ता लागला नाही. नेहमीचंच काहीतरी विचारत असतील असं समजून हे चांगले मोकळे हसले आणि म्हणाले, "हो हो, एकदम मजेत!"

मामांचा हात खांद्यावरून खाली आला. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, जागेवरून उठले नाही. उठून फक्त एवढं म्हणायचं होतं, की "मामा, गर्दीत ह्यांना नीट ऐकू आलं नाही." बस. नाही म्हटलं. शेजारच्या बाई कुजबुजल्या, "जावयाला काही वाटलेलं दिसत नाही." मी त्यावरही गप्प बसले. खोटं नाही सांगत, क्षणभर बरं वाटलं मला. चार लोकांना कळलं म्हणून.

घरी येताना हे म्हणाले, "मामा काय विचारून राहिले होते? एकदम निघूनच गेले."

मी म्हटलं, "बाबांचं विचारत होते."

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. दोन मिनिटं तशीच उभी ठेवली. मग काही न बोलता परत चालू केली.

आता पाण्याचं सांगते, नाहीतर बाहेरच्यांना पुढचं कळायचं नाही. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं, सत्तर-एक किलोमीटरवरच्या जलूदहून, घाट चढवून. १९७८ पासून येतंय म्हणतात, त्याआधीच्या पाण्याच्या हालांच्या गोष्टी सासूबाई अजून सांगतात. आमच्याकडे नळ एक दिवसाआड. "पाणी आलं का" असं कुणी विचारत नाही, "नर्मदा आली का" असंच विचारतात. आमच्या भागात ती पहाटे पाच-सव्वापाचला येते आणि पाऊण तासात जाते. नळ बाजूच्या बोळात, आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, सूं असा आवाज होतो. मग पाच मिनिटं गढूळ पाणी, ते बाहेर सोडायचं. मग प्यायचे हंडे-कळशी भरायचे, मग पाइप लावून हौद भरायचा, आणि शेवटी मोटर लावून हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. कुणी म्हणेल फ्लोटचा वॉल बसवा आणि झोपा. बसवलेला आहे. पण गढूळ पाणी आणि हंडे वॉलला कळत नाहीत, आणि उन्हाळ्यात दाब इतका कमी असतो की कुणीतरी उभं राहून बघावंच लागतं. एक पाळी चुकली की दोन दिवस वांधे, नाहीतर टँकर.

हे काम पहिल्या दिवसापासून माझं. कारण सरळ होतं. माझी झोप सावध, आणि ह्यांचा चांगला कान उशीत, गजर कानाशी वाजला तरी ऐकू जायचा नाही. त्यावरून कधी वाद झाला नव्हता.

देवासहून आलो त्याच्या दोन दिवसांनी नळाचा दिवस होता. मला जाग आली तर सहा वाजून गेलेले. धडपडत उठले, स्वयंपाकघरात गेले, तर हंडे भरलेले, वर ताटल्या झाकलेल्या. बाहेर ओट्यावर हे बसलेले. मी काही विचारलं नाही. म्हटलं आज झोप मोडली असेल. त्याच्या पुढच्या नळाला तेच. आणि त्याच्या पुढच्याही.

मला त्याचं कौतुक वाटलं असं समजू नका. मला रागच आला. वाटलं, बाबांसाठी चार दिवसांच्या वर थांबता आलं नाही, आणि आता दोन हंडे भरून फेड करतायत. मनात हिशेब सुरू झाला ना, की समोरच्याने काहीही केलं तरी कमीच भरतं. बारा वेळा पाणी भरलं, बरं, मग? असं चालायचं माझं.

जूनअखेर झाली असेल. शेजारच्या काकू पहाटे फिरायला जातात. मला म्हणाल्या, "तुमच्या ह्यांना झोप येत नाही का गं? पाणी साडेपाचला भरून होतं, तरी सात वाजेपर्यंत ओट्यावर बसलेले असतात. काळजी वाटली म्हणून विचारलं."

मी घरी येऊन विचार करत बसले. पाणी भरून झाल्यावर दीड तास बसायचं काय कारण? पेपर सात वाजता येतो. मोबाइल हातात नसतो. आणि मग एकदम लक्षात आलं, की इतक्या दिवसांत मला पहाटे मोटरचा आवाज आलेला नाही. आमची मोटर जुनी, लावली की खिडकीची तावदानं थरथरतात. त्या खोलीत मोटर चालू असताना झोपणं अशक्य. हे हौद भरून ठेवायचे, आणि मोटर मी उठल्यावर, सातला लावायचे. तोवर बाहेर बसून राहायचे, कारण खोलीत परत आले तर दाराच्या कडीने मी जागी होणार. बाबा गेल्यापासून मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. लागायची ती चार-साडेचारला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही.

दुसरी गोष्ट त्याच रात्री कळली. गेला महिनाभर मला एक चमत्कारिक वाटत होतं. एका रात्री हे माझ्याकडे पाठ करून झोपायचे, दुसऱ्या रात्री तोंड करून. मी त्यातूनही अर्थ काढत होते, आज राग आहे, आज नाही. त्या रात्री नळाचा आदला दिवस होता आणि ह्यांचं तोंड माझ्याकडे होतं. डाव्या कुशीवर. डावा कान उशीत, चांगला कान वर.

मी उठून बसले अंधारात. गजर लावला असता तर मी उठले असते. म्हणून हा माणूस एक दिवसाआड, जन्मभराची सवय मोडून, न सोसणाऱ्या कुशीवर झोपत होता, नळाची सूं ऐकू यावी म्हणून.

पहाटे हे उठून बाहेर गेले. मी जागीच होते. थोड्या वेळाने चहा टाकला, दोन कप घेतले आणि ओट्यावर जाऊन बसले. डावीकडे. सवयीने डावीकडे बसले आणि मग आठवलं की आज इथे दुसरं कुणी नाही, बोलायचं मलाच आहे. उठून उजवीकडे गेले. ह्यांना त्याचं हसू आलं. मलाही आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मग मी म्हटलं, "तुम्ही चौथ्या दिवशी निघून गेलात."

हे बराच वेळ कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मार्चएंड होता. पण सुट्टी मिळाली असती. मी मागितलीच नाही."

"का?"

"तिथे मला काहीच ऐकू येत नव्हतं गं. ती एवढी माणसं, सगळे हळू आवाजात बोलून राहिले होते. अर्धं तुमच्याकडचं मराठी, अर्धं कानडी. रडून रडून तू आतल्या खोलीत. लोक माझ्याशेजारी येऊन बसायचे, काही म्हणायचे, मी मान हलवायचो. तुझ्या काकांनी मला काहीतरी आणायला सांगितलं, दोनदा सांगितलं, मी तसाच बसून राहिलो. तिसऱ्यांदा त्यांनी शेजारच्या पोराला पाठवलं. मला वाटलं, मी इथे अडगळ आहे. उद्या कुणी काही वेडंवाकडं ऐकून मी हसलो-बिसलो तर तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." थोडं थांबून म्हणाले, "मग देवासला तेच झालं."

मी काय सांगू तुम्हाला. मी सांगितलं मग, की देवासला मी ऐकलं होतं, मी बघत होते, आणि मी उठले नाही. हे म्हणाले, "माहीत आहे. तू बघून राहिली होतीस ते मला दिसलं होतं. डोळे चांगले आहेत माझे."

त्या दिवशी मोटर सात वाजेपर्यंत लावायची राहिली. आठ वाजले. वरचे भाडेकरू ओरडत खाली आले.

सासूबाईंना ह्यातलं किती कळलं होतं देव जाणे. दोन दिवसांनी भाजी निवडताना मी सहज विचारलं, "मामंजी कधी पाणी भरायचे का हो?" तर म्हणाल्या, "छे गं, ह्यांनी तांब्या कधी उचलला नाही. पण मी जेवायला बसून पहिला घास घेईपर्यंत ताटावरून उठायचे नाहीत. हात वाळून जायचा. चाळीस वर्षं." आणि परत मेथीची पानं खुडायला लागल्या.

आता एक गोष्ट जी मला उशिरा कळली, आणि ती सांगितली नाही तर ही पोस्ट खोटी ठरेल. मी इतकी वर्षं जे सांभाळून घेत होते ना, त्याने ह्यांचं नुकसानच झालं. मी डावीकडे बसत होते, प्रश्न परत म्हणत होते, त्यामुळे ह्यांना डॉक्टरकडे जायची गरजच वाटली नाही. काम भागत होतं. जिथे मी होते तिथे भागत होतं. दुकानात, बँकेत, बेळगावच्या त्या गर्दीत मी नव्हते.

ते उघडं पडलं २०२० च्या मास्कमुळे. तोवर हे ओठ बघून बरंच समजून घ्यायचे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. सगळ्यांची तोंडं झाकली गेली आणि ह्यांच्या कामात चुका व्हायला लागल्या. फोनवर ठीक, समोर माणूस आला की गोंधळ. एकदा पंधरा पेट्यांच्या जागी पन्नास लिहिल्या. तेव्हा मी पहिल्यांदा माझा नियम मोडला आणि तोंडावर म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही. आपण तपासून घेऊ." दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग आले.

२०२१ च्या सुरुवातीला तपासणी झाली. बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. उजव्या कानाला पटापट बटण. डाव्याला लावल्यावर बोट बटणावर ठेवून हे नुसते बसलेले, वाट बघत. ते बघवलं नाही मला. डॉक्टरांनी कागदावरचा आलेख दाखवला, उजवा जवळजवळ चांगला, डाव्याची रेघ खूप खाली, साठ डेसिबलच्या आसपास. म्हणजे साधं बोलणं त्या कानाला पोचतच नाही. पडद्याचं भोक जुनं, कान कोरडा. ऑपरेशन करता येईल, पण ऐकणं किती परत येईल ते आधी सांगता येत नाही, म्हणाले. ह्यांनी मशीन घेतलं.

मशीन घातलं आणि सगळं छान झालं असंही नाही. पहिले पंधरा दिवस भांड्यांचा आवाज टाचणीसारखा टोचायचा. फोडणी टाकली की हे बाहेर पळायचे. दोनदा मशीन कपाटात गेलं. आधी घरात तासभर, मग दोन तास, मग बाजारात, असं करत सवय लागायला दोन महिने लागले. मी त्या दिवसांत स्टीलची वाटीसुद्धा हळू ठेवायची. एकदा स्कूटरवर मी विसरून डाव्या खांद्यावरून बोलले, आणि ह्यांनी उत्तर दिलं. दोघंही एकदम गप्प झालो.

ता. क. सारखं एक सांगते. दर हिवाळ्यात हे ऑफिसातून येताना माझ्यासाठी गराडू आणायचे. गरम, तळलेले, लिंबू-मसाला मारलेले. इंदूरवाल्यांना त्याचं काय वेड आहे तुम्ही जाणता. मला गराडू आवडत नाहीत, घसा खवखवतो. नवी नवरी असताना पहिल्यांदा "छान आहे" म्हटलं आणि अकरा वर्षं खाल्ले. त्या ओट्यावरच्या सकाळनंतर तेही सांगून टाकलं. हे म्हणाले, "मला पण फारसे आवडत नाहीत. तुझ्यासाठी आणत होतो." आता त्या पैशांचे शेंगदाणे आणतात. भाजलेले, सालासकट. बेळगावच्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मिळायचे तसे नाहीत, पण बरे आहेत.

पुढच्या वर्षी बाबांच्या वर्षश्राद्धाला हे आले होते, ते सांगायचं राहिलं. मी पूर्ण वेळ डावीकडे होते. काकांनी ह्यांना फुलं आणायला सांगितली, ह्यांनी आणली. आईने त्या दिवशी ह्यांना आग्रह करून दुसरी वाटी खीर वाढली. देवासच्या मामांना मात्र मी अजून सांगितलेलं नाही, की त्या दिवशी काय झालं होतं. चार वेळा फोन उचलला आणि ठेवला. ही पोस्ट त्यांच्या मुलीपर्यंत जाईल बहुतेक.

पाण्याच्या पाळ्या आता आम्ही वाटून घेतल्या आहेत, एक त्यांची, एक माझी. मोटर मात्र दोघंही सातच्या आत लावत नाही. हे लिहिता लिहिता रात्रीचे साडेअकरा झाले. उद्या नळ आहे आणि पाळी माझी आहे, त्यामुळे हे मशीन डबीत ठेवून उजव्या कुशीवर, माझ्याकडे चांगली पाठ करून, घोरतायत.